३ मार्चचे ग्रस्तोदित चंद्रग्रहण : वृद्धांनी आणि गर्भवतींनी वेध नेमके किती पाळावेत?

मेधा_नाशिक

येत्या ३ मार्चला, म्हणजे नेमक्या धुळवडीच्या दिवशी, खग्रास चंद्रग्रहण आहे. आमच्या घरात सासूबाई आहेत, वय एकाहत्तर, मधुमेहासाठी सकाळी आणि रात्री जेवणाआधी इन्शुलिन घेतात. धाकट्या जावेला सहावा महिना आहे.

मागच्या ७ सप्टेंबरच्या ग्रहणात सासूबाईंनी दुपारी साडेबाराला जेवण आटोपले आणि नंतर काही खाल्ले नाही. रात्री आठला मात्र सवयीने नेहमीचे इन्शुलिन घेतले. साडेनऊच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला आणि हात थरथरू लागले. साखर ५८ निघाली. आम्ही साखरेचे पाणी पुढे केले, तर "मोक्ष होईपर्यंत नको" म्हणून त्या तोंड फिरवत होत्या. शेवटी दिरांनी जवळजवळ जबरदस्तीने पाजले. ते पाणी पोटात गेल्याची रुखरुख त्यांच्या मनात अजून आहे.

त्यांच्या श्रद्धेची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही, आणि तो प्रसंग पुन्हा येऊ देण्याचीही नाही. म्हणून विचारते : शास्त्र म्हणून जे सांगितले जाते, त्यात वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी खरोखर काय लिहिले आहे? ३ तारखेचा दिवस आम्ही कसा आखावा? जावेने भाजी चिरायची नाही, सुईदोरा हातात घ्यायचा नाही, अंधाऱ्या खोलीत हातपाय न हलवता बसायचे, असेही सासूबाईंचे म्हणणे आहे. अनुभवी आणि जाणकार सदस्यांनी कृपया लिहावे.

रानवारा

म्हणजे होळी २ तारखेला की ३ ला? आमच्या सोसायटीत यावरूनच वाद चालू आहे.

कृष्णाकाठ_वाई

रानवारा, होळी २ मार्चच्या संध्याकाळी आणि धुळवड ३ ला. पौर्णिमा ३ तारखेला सूर्यास्तापूर्वीच संपते, त्यामुळे प्रदोषकाळची पौर्णिमा २ लाच मिळते.

मेधाताई, तुमचा प्रश्न नेमका आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी संस्कृत शिकवण्यात आयुष्य घालवले आणि आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पंचांग पाहिले जाते. महाराष्ट्रात ग्रहणाचे नियम सांगताना बहुतेक सर्व जण ज्या ग्रंथाकडे पाहतात तो धर्मसिंधू. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यांनी तो शके १७१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १७९० मध्ये, पूर्ण केला. चंद्रग्रहणात तीन प्रहर आधीपासून जेवू नये, असे त्यात आहे. पण त्याच ठिकाणी बाल, वृद्ध आणि आतुर, म्हणजे आजारी, यांच्यासाठी वेध दीड प्रहराचा किंवा फक्त तीन मुहूर्तांचा सांगितला आहे. आजची पंचांगे या यादीत गर्भवतींनाही घेतात. सवलत मूळ नियमाच्या शेजारीच लिहिलेली आहे, घरोघरी मात्र पहिले वाक्य पोहोचले आणि दुसरे राहून गेले.

७ सप्टेंबरचाच हिशेब करून पाहा. त्या दिवशी मुंबईत सूर्यास्त सुमारे ६:४८ ला होता. रात्रीचा पहिला प्रहर ९:४२ च्या आसपास संपला आणि स्पर्श ९:५७ ला, म्हणजे दुसऱ्या प्रहरात झाला. त्या प्रहराच्या आरंभापासून तीन प्रहर मागे गेले की भर मध्यान्ह येते, म्हणून पंचांगात वेधारंभ दुपारी १२:३७ छापला होता. दीड प्रहर मागे गेले की ५:१५ येतात. बाल, वृद्ध, अशक्त, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी ही वेळही पंचांगात छापलेली होती. तुमच्या सासूबाईंनी संध्याकाळी पाचला पोटभर खाल्ले असते, तरी त्यांचा वेध मोडला नसता.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. वेधकाळात मनाई आहे ती जेवणाची. पाणी पिणे, झोपणे, देहधर्म, पूजा, जप यांना वेधात आडकाठी नाही. पाणी वर्ज्य करायचे ते प्रत्यक्ष ग्रहण चालू असताना, म्हणजे त्या रात्री ९:५७ ते १:२७ एवढेच. दुपारपासून निर्जळी बसणारी माणसे शास्त्रापेक्षा जास्त काहीतरी करत असतात.

सुहास_ठाणे

आपल्या पूर्वजांनी हे नियम उगीच केलेले नाहीत. ग्रहणात सूर्य आणि चंद्रापासून येणारी किरणे बदलतात, अतिनील किरणे वाढतात, त्यामुळे शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. पूर्वी फ्रिज नव्हते, म्हणून अन्न टाकून देण्याची पद्धत पडली. तुळशीचे पान जंतुनाशक असते म्हणून ते पाण्यात टाकतात. त्यामुळे सवलत असली तरी गर्भवतीने तरी पूर्ण पाळावे असे मला वाटते.

तारकामित्र_नागपूर

सुहासजी, फ्रिज नव्हते हा तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे. रात्रभर उघडे राहिलेले वरण सकाळी टाकून देणे शहाणपणाचेच होते, आणि ग्रहण असो वा नसो, ते आजही तसेच आहे. पण किरणांविषयी आपण जे लिहिले ते बरोबर नाही. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो, म्हणजे आपल्याकडे परावर्तित होऊन येणारा सूर्यप्रकाश कमी होतो. नवे काहीही येत नाही. चांदणे नसल्याने अन्न बिघडत असते, तर प्रत्येक अमावास्येला बिघडले असते. सूर्यग्रहणातही सूर्य नेहमीचाच असतो. धोका एवढाच की प्रकाश मंदावल्यामुळे माणूस थेट पाहत राहतो आणि डोळ्याच्या पडद्याला इजा होते. त्यासाठी आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मा लागतो. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी कितीही वेळ पाहावे.

हे ज्ञान बाहेरून आलेले नाही, हेही सांगायला हवे. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला झाकते, असे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला आणि त्यावरून आपले पंचांगकर्ते कित्येक पिढ्या ग्रहणे वर्तवत आले. वेध सांगणारे आणि सावलीचे गणित करणारे आपल्याकडे बहुधा एकच लोक होते.

आता ३ मार्चच्या वेळा. खंडग्रास स्पर्श दुपारी ३:२० ला, खग्रास ४:३४ ते ५:३३, मोक्ष ६:४७ च्या सुमारास. यातला बहुतेक भाग चंद्र क्षितिजाखाली असतानाच संपतो. नागपुरात चंद्र सव्वासहानंतर उगवेल आणि वीस-पंचवीस मिनिटे ग्रहण दिसेल. नाशिकला जेमतेम पाच-सात मिनिटे. मुंबईत चंद्रोदय आणि मोक्ष जवळपास एकाच वेळी आहेत, तेव्हा क्षितिजावरच्या धुरक्यात काही दिसले तर नशीब.

डॉक्टर_साताराकर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी सासूबाईंविषयी लिहिते, कारण घरात खरा धोका त्यांना होता.

मेधाताई, तुम्ही वर्णन केलेला प्रसंग उपाशी राहण्यामुळे घडला असे घरात बोलले जात असेल. तो घडला इन्शुलिन घेऊन उपाशी राहण्यामुळे. रात्रीच्या जेवणाआधीचे इन्शुलिन त्या जेवणाच्या हिशेबाने ठरवलेले असते, आणि जेवण गळले तरी ते आपले काम करतच राहते. दीड-दोन तासांत घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसू शकते. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, वाढली नसेल तर पुन्हा द्यायची, आणि सावरल्यावर पोळीभातासारखे काहीतरी खायला लावायचे. माणूस ग्लानीत असेल आणि नीट गिळत नसेल, तर तोंडात काही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. तोंड फिरवणे हा नेहमीच श्रद्धेचा हट्ट असतो असे नाही. साखर उतरली की मेंदूलाच निर्णय घेता येत नाही, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. इन्शुलिनऐवजी गोळ्या घेणाऱ्यांपैकीही काहींना हाच धोका असतो. डोस किती आणि केव्हा हे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ठरवायचे, मात्र त्यांना दिवसाचे वेळापत्रक आधी नेऊन दाखवा.

आता जाऊबाई. ग्रहणात चिरले की बाळाचा ओठ चिरला जातो, ही भीती माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या मुलींच्याही मनात असते. ओठ गर्भारपणाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो, टाळू दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत. सहाव्या महिन्यात बाळाचा ओठ केव्हाच तयार झालेला आहे, विळीने काय किंवा सावलीने काय, तो आता दुभंगू शकत नाही. ज्यांच्या बाळात हा दोष येतो, त्यांच्यात आनुवंशिकता, फॉलिक ॲसिडची कमतरता, तंबाखू आणि फिट्सवरची काही औषधे यांचा संबंध आढळतो. पुष्कळदा कोणतेच एक कारण सापडत नाही. अशा बाळाच्या आईला "ग्रहणात काही चिरलेस का" असे विचारले जाते, तेव्हा तिच्यावर नसलेला दोष लादला जातो, आणि याचा मला मनापासून राग येतो.

न हलता बसण्याबद्दल : सहाव्या महिन्यात तासन्‌तास उताणे पडून राहणे चांगले नाही, वाढलेल्या गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. कुशीवर वळावे, उठून फिरावे, पाणी प्यावे, लघवी रोखू नये. लघवी रोखल्याने या काळात मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो.

मालन_पेडणे

आमच्या गावी ग्रहण लागले की तांब्याच्या परातीत पाणी घेऊन त्यात मुसळ उभे करीत. ते कोणी न धरता उभे राही आणि सुटले की आपोआप पडे. मी लहानपणी स्वतः पाहिलेले आहे. याचे काय कारण असावे?

तारकामित्र_नागपूर

मालनताई, ज्या मुसळाचा बुडखा सपाट आणि रुंद असतो ते कोणत्याही दिवशी उभे राहते. आमच्या शाळेच्या मैदानावर मुलांकडून आम्ही ते ग्रहण नसताना उभे करवले आहे. पाचसहा प्रयत्नांत हात बसतो. ग्रहण सुटल्यावर आपोआप पडण्याचे म्हणाल, तर सुटल्याची हाक आली की घरात धावपळ सुरू होते आणि परातीला धक्का लागतो, असे मला वाटते. आजच सपाट बुडख्याचे मुसळ घेऊन पाहावे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो. आई भारतातून फोनवर वेळा सांगते आणि आम्ही त्या पाळतो. म्हणजे ३ मार्चला भारतातल्या सूर्योदयापासून मोक्षापर्यंत आमच्याकडे २ तारखेची रात्र आणि ३ ची सकाळ येते. झोपेतच बहुतेक पाळून होते, हे सोयीचे वाटते. हे बरोबर आहे ना?

कृष्णाकाठ_वाई

एडिसनकर, नाही. ग्रहणाचे नियम ज्या आकाशाखाली आपण उभे आहोत त्या आकाशाचे असतात. जिथे ग्रहण दिसण्याजोगे आहे तिथेच ते पाळायचे. ढगांनी झाकले तर पाळायचे, कारण ते तिथल्या आकाशात असतेच. पण क्षितिजाखालचे किंवा दुसऱ्या खंडातले पाळायचे नाही. म्हणूनच छायाकल्प ग्रहणाला आपल्याकडे वेध धरत नाहीत, कारण डोळ्याला बिंब ग्रासलेले दिसत नाही.

तुमच्याकडे ३ मार्चला पहाटे ४:५० ला स्पर्श होईल, सहाच्या सुमारास चंद्र पूर्ण ग्रासला जाईल आणि तसाच ग्रस्त स्थितीत मावळेल. याला ग्रस्तास्त म्हणतात. ग्रस्तास्त चंद्राच्या बाबतीत धर्मसिंधूचा नियम कडक आहे : पुन्हा चंद्र शुद्ध बिंबाने उगवल्यावर, म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी, जेवायचे. कामावर जाणाऱ्याला, लहान मुलांना आणि आजाऱ्यांना ते झेपणार नाही, हे मीही जाणतो. पहाटे ग्रहण पाहावे, जप करावा, स्नान करावे आणि शक्तीप्रमाणे पुढचे ठरवावे, असे मी माझ्या तिथल्या भाच्याला सांगितले आहे.

आता नाशिक. चंद्र ग्रासलेलाच उगवतो, म्हणून हे ग्रस्तोदित. त्यात निरोगी प्रौढांनी दिवसा जेवू नये, असा नियम आहे, आणि म्हणून सूर्योदयापासून वेध सांगितला जाईल. वृद्ध आणि गर्भवतींसाठी मी असा हिशेब करतो. नाशिकला त्या दिवशी सूर्योदय ६:५१ ला आणि सूर्यास्त ६:४० ला आहे, म्हणजे दिवसाचा प्रहर तीन तासांना थोडा कमी. ग्रहण दिसायला लागते ते चंद्रोदयापासून, म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहराच्या आरंभी. तिथून दीड प्रहर मागे गेले की दुपारचे सव्वादोन होतात. तीन मुहूर्तांचा पक्ष धरला तर सव्वाचार. सासूबाईंनी सकाळचा नाश्ता करावा, दुपारी एकला जेवावे, आणि प्रकृतीला गरज असेल तर चारला काही खावे. मोक्ष पावणेसातला. स्नान करून सव्वासातला रात्रीचे जेवण. त्यांची एकही नेहमीची जेवणवेळ यात चुकत नाही.

विनायक_डोंबिवली

वाईकर गुरुजींशी मी इथे सहमत नाही. आमच्याकडे न दिसणारा असला तरी खरा स्पर्श धरतात, म्हणजे ३:२०. हा क्षण दिवसाच्या तिसऱ्या प्रहरात येतो. त्यावरून दीड प्रहर मागे मोजले तर वृद्धांचाही वेध सकाळी आठ-सव्वाआठला सुरू होतो. लोकांनी आपल्या घरचे पंचांग पाहावे, इथला हिशेब पाहू नये.

कृष्णाकाठ_वाई

विनायकराव, आपल्या घरचे पंचांग पाहावे हे मला मान्य आहे. मोजणीचा तुमचा पक्षही अस्तित्वात आहे. माझे म्हणणे इतकेच की ग्रहणाचा पुण्यकाळ जेवढा वेळ दर्शन शक्य आहे तेवढाच धरला जातो. पुण्यकाळ चंद्रोदयापासून आणि वेध मात्र न दिसणाऱ्या स्पर्शापासून, हे मला जुळवता येत नाही. दोन्ही पक्षांत 'आतुर' हा शब्द कायम आहे, आणि इन्शुलिनवर असलेली व्यक्ती आतुर नाही असे कोणता उपाध्याय म्हणेल? तीन मुहूर्तांचा पर्याय कशासाठी ठेवला आहे?

उपवासाविषयीही एक सांगतो. ग्रहणदिवशी पुत्रवान गृहस्थाने उपवास करू नये, असे याच ग्रंथात आहे. वेधात न जेवणे वेगळे आणि संकल्प करून उपवास धरणे वेगळे. घरातले सगळे जण दिवसभर कडक उपवास करतात, तेव्हा ते नेमके निषिद्ध असलेलेच करत असण्याची शक्यता आहे.

सुहास_ठाणे

किरणांचा मुद्दा मी मागे घेतो, तारकामित्रांचे अमावास्येचे उदाहरण पटले. पण मग प्रश्न राहतो की होळीच्या पुरणपोळ्यांचे काय करायचे? २ तारखेच्या संध्याकाळी केलेल्या पोळ्या आणि कटाची आमटी आमच्याकडे धुळवडीला दुपारी खातात. शिवाय उरलेल्या टाकायच्या का?

कृष्णाकाठ_वाई

आधी शिजवलेले अन्न ग्रहणानंतर खाऊ नये, असा सामान्य नियम आहे. दूध, ताक, कांजी आणि तुपातेलात तळलेले पदार्थ यांना मात्र त्यातून स्पष्ट सूट आहे. म्हणजे करंज्या, शंकरपाळे चालतात. पुरणपोळी तव्यावर तूप सोडून भाजली तरी ती तळलेली धरता येणार नाही, आणि कटाची आमटी तर नाहीच. त्यामुळे २ ला मोजक्याच पोळ्या कराव्यात, किंवा वृद्ध आणि मुलांनी त्या ३ ला दुपारीच संपवाव्यात. लोणची आणि पाण्याच्या भांड्यावर आपण तुळशीपत्र किंवा दर्भ ठेवतो. अन्न फेकून देण्याची वेळच येऊ नये अशी योजना करणे मला जास्त योग्य वाटते.

लातूरचा_प्रकाश

ग्रहणाच्या चर्चेत एक बाजू नेहमी सुटते. "दे दान, सुटे गिऱ्हाण" ही हाक इथल्या बहुतेकांनी घरात बसून ऐकली असेल. माझ्या आजोबांनी ती गल्लीतून दिलेली आहे. आमच्या मातंग समाजाकडे ग्रहणाचे दान मागण्याचा हक्क आहे असे गाव म्हणत असे. राहू-केतू आमच्याच जातीचे, म्हणून आम्हाला दिले की ते चंद्राला सोडतात, अशी त्यामागची समजूत होती. आजोबांच्या झोळीत जोंधळे, जुने धोतर, कधी तेल पडे. ते उंबऱ्याबाहेरून, वरून टाकले जाई, कारण ग्रहणाचा विटाळ त्या दानाबरोबर घराबाहेर जायचा होता. तो विटाळ कोणाच्या झोळीत जात होता, याचा विचार घरातले करीत नव्हते. वडिलांनी मास्तरकी लागल्यावर ती झोळी बंद केली.

दान करू नका असे मी म्हणत नाही. करायचे असेल तर ते दुसऱ्याच्या दारी जाऊन, हातात हात देऊन करा.

कृष्णाकाठ_वाई

प्रकाशराव, आपण लिहिले ते खरे आहे आणि त्यावर ग्रंथातला कोणताही दाखला देऊन मी पांघरूण घालणार नाही. ग्रहणात सगळे पाणी गंगेसारखे असे आम्ही म्हणत होतो आणि त्याच वेळी गावाचा पाणवठा वेगळा ठेवत होतो.

मेधा_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी वाईकर काकांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. धर्मसिंधूतच वृद्धांना सूट आहे, हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग पंचांग आणायला सांगून स्वतः भिंग लावून मागच्या वर्षीचे पान पाहिले. ५:१५ ही वेळ तिथे छापलेली सापडली. मग त्यांनी विचारले की साखर उतरली असताना ग्रहणात घेतलेले साखरेचे पाणी दोषाचे होते का.

दिवसाचे वेळापत्रक आम्ही त्यांच्या डॉक्टरांना दाखवले. नाश्ता साडेआठला, जेवण एकला, चारला दूध आणि दोन खाकरे, सहा वाजता साखर मोजणे, रात्रीचे जेवण सव्वासातला आणि इन्शुलिन ताट समोर आल्यावरच. चंद्रोदय ते मोक्ष या पाच-सात मिनिटांत त्या गच्चीवर जप करणार आहेत.

जावेचे मात्र अजून ठरलेले नाही. खाण्यापिण्याची सूट सासूबाईंनी तिलाही दिली, पण विळी आणि सुई नको, आणि ग्रहण पाहायला गच्चीवर येऊ नये, यावर त्या ठाम आहेत. जाऊ म्हणते की मला भीती वाटत नाही, पण उद्या बाळाला काही झाले तर आयुष्यभर मलाच बोलतील, त्यापेक्षा खोलीत बसते.

कृष्णाकाठ_वाई

त्यांना सांगा, आतुराला प्राणरक्षणासाठी घेतलेल्याचा दोष नाही. मनात राहिलेच असेल तर मोक्षानंतर स्नान करून मूठभर तांदूळ द्यावेत आणि तो विषय संपवावा. मी वाचलेल्या ग्रहणप्रकरणात गर्भवतीने चिरू नये वा शिवू नये असा वेगळा नियम नाही. ती लोकरूढी आहे. तिचे बळ कमी असते असे नाही, पण तिला शास्त्र म्हणू नये.

डॉक्टर_साताराकर

मेधाताई, जावेचे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. पाच-सात मिनिटे भाजी न चिरल्याने तिचे किंवा बाळाचे काही बिघडत नाही, आणि सासूबाईंच्या समाधानासाठी तिने स्वखुशीने ते पाळले तर मला हरकत नाही. पण ती भीतीने नाही, पुढच्या दोषारोपाच्या धास्तीने खोलीत बसणार आहे, आणि तो दोषारोप होणार नाही असा शब्द तिला घरातल्या मोठ्यांनी आजच द्यायला हवा. तुमच्या पतींनी आणि दिरांनी हे सासूबाईंसमोर बोलावे. तिने एकटीने बोलण्याची वेळ येऊ नये.

रानवारा

इस्लामपूरला २१ जून २०२० च्या सूर्यग्रहणात अंनिसच्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने एका गर्भवतीने सर्वांसमोर भाजी चिरली होती, असे वाचल्याचे आठवते. असे धाडस प्रत्येक घरात शक्य नसते, पण घरातले सोबत उभे राहिले तर होते.

विनायक_डोंबिवली

जाहीर प्रदर्शनापेक्षा मला मेधाताईंचा मार्ग पटतो. माझ्या बायकोच्या वेळी आमच्याकडे तीन तास लघवीलाही सोडले नव्हते, तेव्हा मीही गप्प बसलो होतो. माझे गणित मी बदलत नाही, मात्र आमच्या घरी आईसाठी या वेळी तीन मुहूर्तांचा पक्ष घेईन.

एडिसनकर

पहाटे ४:५० चा गजर लावला आहे. आईला फोनवर सांगितले की आमचे ग्रहण आमच्या वेळेने, तर तिला आधी पटले नाही. मग तिने विचारले की तुमच्याकडे चंद्र ग्रासलेला मावळतो तर मग तू दिवसभर उपाशी कामावर जाणार का. मी म्हटले, सकाळी जेवून जाणार. ती म्हणाली, निदान दूध पिऊन जा, दुधाला सूट आहे. वाईकर काका, हे तिला कुठून कळले असेल?

मालन_पेडणे

सपाट बुडख्याचे मुसळ काल परातीत उभे केले. चौथ्या खेपेला उभे राहिले. नातवाने व्हिडिओ घेतला आहे, तो गावच्या गटावर टाकते आहे.

मेधा_नाशिक

दीर आज आईंशी बोलले. शब्द दिला गेला आहे, पण गच्चीचा प्रश्न अजून खुलाच आहे. तारकामित्र, नाशिकहून चंद्र नेमका कोणत्या बाजूला उगवेल? आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे.

तारकामित्र_नागपूर

पूर्वेलाच, किंचित उत्तरेकडे झुकून. क्षितिजापर्यंत मोकळे दिसत असेल तर ६:४२ पासून पाहत राहा. सूर्यास्ताचा उजेड असल्याने चंद्र फिकट दिसेल आणि बिंबाची एक कड तेवढी खाल्ल्यासारखी असेल. समोर इमारत असेल, तर चंद्र तिच्यावर येईपर्यंत मोक्ष झालेला असेल.